विकत घेतलेला प्रबंध पकडला कसा जातो?

आपल्या मंडळातील एक दाम्पत्य गेल्या वर्षी रविवारी सकाळी माझ्याकडे आले. दोघेही व्यवसायाने डॉक्टर नाहीत, परंतु मुलीला इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवावे अशी त्यांची मनीषा होती. अर्जासोबत 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' अशा आशयाचे निवेदन द्यावे लागते आणि शहरातील एका सल्लागाराने ते लिहून देण्याचे मोल सांगितले होते. वडिलांचा प्रश्न सरळ होता. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पैसे जातील त्याचे दुःख नाही. पण हे पकडले जाते का? आणि जात असेल तर कसे?"

त्यांना मी जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडतो. प्रश्न त्या मुलीपुरता नाही. आपल्या व्यवसायातील एम.डी.चे प्रबंधही विकत मिळतात, एकाचा दुसऱ्याकडे जातात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपण त्याविषयी मोठ्याने बोलत नाही, इतकेच.

इंग्लंडमधील विद्यापीठांचे प्रवेशअर्ज 'यूकास' या एकाच संस्थेमार्फत जातात. तिने २००७ साली सुमारे पन्नास हजार निवेदने संगणकाद्वारे परस्परांशी ताडून पाहिली. ही निवेदने ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांसाठी आलेली होती. त्यांत २३४ अर्जदारांनी एकच हृद्य आठवण सांगितली होती : आठव्या वर्षी रसायनांचा खेळण्यातील संच हाताळताना आपल्या पायजम्याला भोक पडले आणि तेव्हापासून विज्ञानाची ओढ लागली! आणखी १७५ जणांच्या निवेदनात वृद्ध वा आजारी आजोबा होते. पायजम्याची गोष्ट मुळात कोणा एकाच्या आयुष्यात घडलीही असेल, पण नमुना म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि पुढे प्रत्येकाने ती आपली म्हणून सांगितली. एकेक अर्ज वेगळा वाचणाऱ्या प्राध्यापकाला यात काहीच वावगे दिसले नसते. सगळे अर्ज एकाच ठिकाणी साठवले गेले, म्हणून ते पायजमे दिसले.

ही साठवण हेच या शोधाचे मूळ आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी, म्हणजे १९९०च्या दशकात, साठवण होती ती टंकलेखन करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे. आधीच्या वर्षांच्या प्रबंधांच्या फ्लॉपी त्याच्या खणात नीट नावे घालून ठेवलेल्या असत. "साहेब, प्रस्तावना जुनीच घेऊ ना?" असे तो सहज विचारी. संकोच सोडून सांगतो, माझ्या प्रबंधातील 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणाची बरीच पाने एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या काळ्या पुठ्ठ्याच्या प्रबंधातून आलेली होती. रुग्ण माझे होते, निरीक्षणे माझी होती, पण ती पाने माझी नव्हती. ती पकडली गेली नाहीत, कारण दोन्ही प्रबंध ग्रंथालयात एकाच कपाटात असूनही ते शेजारी शेजारी ठेवून वाचणारा कोणी नव्हता.

आता तसा वाचणारा आहे, आणि तो आपल्यापासून फार दूर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि त्यातून 'शोधगंगा' हे भांडार उभे राहिले. ते चालविणारी 'इन्फ्लिबनेट' ही संस्था आपल्या गांधीनगरलाच आहे. तिनेच २०१९ पासून 'शोधशुद्धी' या योजनेखाली विद्यापीठांना मजकूर ताडून पाहण्याची प्रणाली पुरविली. आरंभी 'उर्कुंड' होती, पुढे 'ड्रिलबिट' आली. यांखेरीज अनेक संस्था 'टर्निटिन' वापरतात. त्या भांडारात प्रसिद्ध लेखांबरोबर विद्यार्थ्यांनी यापूर्वी सादर केलेले, कोठेही प्रसिद्ध न झालेले लेखनही असते.

हे ताडणे चालते कसे, हे एका वाक्यावरून पाहू. 'नाळेतील रक्ताचा नमुना प्रसूतीनंतर लगेच घेण्यात आला' हे सात शब्दांचे वाक्य आहे. समजा, प्रणाली पाच-पाच शब्दांचे गट पाडते. पहिला गट 'नाळेतील'पासून 'लगेच'पर्यंत, दुसरा 'रक्ताचा'पासून 'घेण्यात'पर्यंत, तिसरा 'नमुना'पासून 'आला'पर्यंत. प्रत्येक गटाला गणिताने एक आकडा दिला जातो आणि आकडे साठवले जातात. नवा प्रबंध आला की त्याचेही असेच आकडे काढून जुन्यांशी जुळविले जातात. बोटांच्या ठशांसारखाच हा प्रकार आहे. मधला 'प्रसूतीनंतर' हा एक शब्द बदलला तर येथील तिन्ही गट मोडतात, हे खरे. पण असे चुकवायचे तर सबंध प्रबंधात दर पाचवा शब्द बदलत जावे लागेल, आणि शंभर पानांवर तेवढे कष्ट घेणारा माणूस प्रबंध स्वतःच लिहील. शिवाय अलीकडच्या प्रणाली समानार्थी शब्दांची अदलाबदलही काही अंशी ओळखतात.

मात्र विकत घेणाऱ्याचा येथे एक गैरसमज असतो. विकणारा त्याला सांगतो, "मजकूर कोरा करकरीत आहे, अहवालही दाखवतो." अहवाल खरा असू शकतो. परंतु तो त्या दिवसापुरता असतो. भांडार रोज वाढत असते आणि विकणाऱ्याचे पोट एका गिऱ्हाइकावर भरत नाही.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाने चौकशी समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावले. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार संस्थेच्या अशा समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा लागतो. प्रबंध बालरोगशास्त्राचा होता. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांच्या नाळेतील रक्तात बिलिरुबिन मोजायचे आणि त्यावरून पुढे कोणत्या बाळाला प्रकाशोपचार लागेल इतकी कावीळ होईल, याचा अंदाज बांधता येतो का ते पाहायचे, असा विषय. बाळे १५०. तपासणाऱ्या एका परीक्षकाला शंका आली म्हणून त्यांनी तो परत पाठविला होता.

फायलीत दोन समानता-अहवाल होते. प्रबंध सादर झाला त्या दिवशीचा पहिला अहवाल ९ टक्क्यांचा होता. १० टक्क्यांपर्यंत आयोगाचा नियम काहीच दंड सांगत नाही, म्हणून प्रबंध स्वीकारला गेला. परीक्षकांच्या पत्रानंतर चार महिन्यांनी तोच मजकूर पुन्हा तपासला, तेव्हा आकडा ५८ टक्के आला. मजकुरात एका अक्षराचाही फरक नव्हता. मधल्या काळात तिसऱ्याच राज्यातील एका विद्यार्थ्याने जवळजवळ हाच प्रबंध आपल्या विद्यापीठात दिला होता आणि तो भांडारात जमा झाला होता. विक्रेत्याने एकच माल दोघांना दिला होता. यात विशेष असे की, आधी देणारा सुरक्षित राहतो असे नाही. दुसऱ्याचा मजकूर जमा झाला की पहिल्याकडेही बोट जाते.

अशीच आणखी एक गफलत होते. विकणारा आपला मजकूर 'तपासून' देण्यासाठी कोठल्यातरी संस्थेच्या खात्यातून तो प्रणालीत घालतो. तेथे 'भांडारात ठेवू नये' हा पर्याय निवडायचा राहिला, तर तो मजकूर त्या संस्थेच्या नावावर जमा होतो. मग खऱ्या सादरीकरणाच्या वेळी जवळजवळ शंभर टक्के जुळणी येते, तीही विद्यार्थ्याने कधी नावही न ऐकलेल्या विद्यापीठाशी.

परंतु टक्के म्हणजे निकाल नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रणालीला चोरी कळत नाही, तिला फक्त सारखेपणा कळतो. प्रामाणिक प्रबंधातही कावीळ मोजण्याच्या पद्धतीचे वर्णन, उपकरणाची माहिती, संमतिपत्राचा नमुना हे इतरांसारखेच असणार. म्हणूनच नियमांनी संदर्भसूची, ऋणनिर्देश, प्रमाणित सूत्रे आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य हिशेबातून वगळले आहे. उलट, एकालाच विकलेला अस्सल नवा मजकूर या चाळणीतून निर्धास्त निघून जातो. त्या परीक्षकांना शंका आली तेव्हा त्यांच्यासमोर ९ टक्क्यांचाच अहवाल होता. मग त्यांना खटकले ते काय?

खटकली ती भाषा. प्रबंधाच्या शेवटी विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी स्वतः लिहिलेला आराखडा जोडलेला होता. त्यातील इंग्रजी साधे होते, क्रियापदे कधी अडखळत होती, बाळासाठी तो सर्वत्र एकच शब्द वापरत होता. प्रबंधाचे इंग्रजी मात्र सफाईदार होते आणि त्यात बाळासाठी दुसराच शब्द होता. हिमोग्लोबिनचे स्पेलिंग एका प्रकरणात ब्रिटिश तर दुसऱ्यात अमेरिकन. एवढ्यावर कोणाला दोषी धरता येत नाही. तीन वर्षांत माणसाची भाषा सुधारते, गाइड वाक्ये दुरुस्त करतात, एखादा मित्र हात फिरवतो.

मराठी वाचकाला हा सावधपणा नवा नसावा. १८९८च्या सुमारास शि. ए. भारदे यांनी ज्ञानेश्वरीची भाषा आणि अभंगांची भाषा यांतील अंतर दाखवून ज्ञानेश्वर दोन होते असा वाद मांडला. त्यांनी दाखविलेले भाषेचे अंतर खरेच होते. पण ओवीबद्ध भाष्य आणि गायचा अभंग यांची भाषा वेगळी असणारच, आणि गाथेतील पाठ पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी बदलत आले, हेही खरे. दोन ज्ञानेश्वरांचे मत बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले नाही. भाषेतील विसंगतीने प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो, उत्तर मिळत नाही, असे मी मानतो.

भाषेहून अधिक बोलकी होती ती आशयातील विसंगती, आणि ती पाहायला बालरोगतज्ज्ञच हवा. प्रबंधात लिहिले होते की प्रत्येक बाळाची जी-सिक्स-पीडी तपासणी केली. त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती तपासणी होतच नव्हती. बाळे ४८ तासांनी घरी जात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तपासणीस बोलावली जात, असे नमूद होते, आणि १५०पैकी १५० बाळे परत आली होती! सार्वजनिक रुग्णालयात ज्याने एकदा तरी असा अभ्यास केला आहे त्याला येथे हसू येईल. आई माहेरी जाते, फोन लागत नाही, सासू म्हणते बाळ पिवळे दिसत नाही तर कशाला न्यायचे. मास्टर चार्टमधील वजनेही तशीच. आपल्या प्रसूतिकक्षात काटा दहा ग्रॅमपर्यंत दाखवीत असला तरी रात्रपाळीची परिचारिका अडीच, दोन-आठशे, तीन किलो असेच लिहिते, त्यामुळे खऱ्या नोंदींत या आकड्यांपाशी गर्दी होते. येथे गर्दी कोठेच नव्हती. आकडे सारखे पसरलेले होते, कोणीतरी बसून सुचतील तसे लिहावेत तसे.

मग त्या निवासी डॉक्टरांना आत बोलावले. वय तिशीच्या आतले, डोळ्यांत जागरण. समितीतील एका सदस्यांनी 'हे तुम्ही लिहिले का' असा प्रश्न आरंभीच टाकला. असे विचारू नये, कारण त्याला 'हो' याखेरीज उत्तर नसते. मी विचारले, "डॉक्टर, १५० बाळे कशी ठरवलीत?" प्रबंधात सूत्र छापलेले होते, 4pq/L². प्रमाण १० टक्के आणि स्वीकारार्ह चूक ५ टक्के धरली की ४ × १० × ९० भागिले २५, म्हणजे १४४ येतात. म्हणून १५०. ते म्हणाले, "सर, आमच्याकडे तेवढीच घेतात." नाळेतील रक्त कोण घेत होते? "सिस्टर." पहाटे तीन वाजता प्रसूती झाली तर नमुना सकाळपर्यंत कोठे ठेवला जाई? बिलिरुबिन उजेडात नासते, म्हणून नमुना झाकून ठेवावा लागतो. हे त्यांना पुस्तकातून माहीत होते, पण त्यांच्या प्रसूतिकक्षात तो कशात गुंडाळत होते ते सांगता येईना. ज्याने काम केले त्याला कार्बन पेपर, काळा कागद, फॉइल, काहीतरी आठवतेच. किती नमुने हिमोलाइज्ड होऊन फुकट गेले? येथे ते गप्प झाले.

प्रश्नांची ही रीत कोठल्याही विकतच्या लेखनाला लागू पडते. २०२२ साली अमेरिका-कॅनडा सीमेवरील सेंट रेजिस नदीत बुडणाऱ्या नावेतून काही गुजराती तरुणांना वाचविण्यात आले. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत साडेसहा-सात बँड मिळवलेल्या त्या तरुणांना अमेरिकन न्यायालयात इंग्रजी बोलता येईना, दुभाषा लागला. त्यावरून मेहसाणा पोलिसांनी मागे चौकशी सुरू केली आणि ती नवसारीच्या परीक्षाकेंद्रापर्यंत पोहोचली. कागद खपून गेला होता, काही महिन्यांनी माणसाला तोंड उघडावे लागले. वर उल्लेखिलेल्या मुलीच्या वडिलांना मी नेमके हेच सांगितले. इंग्लंडमध्ये निवेदनानंतर मुलाखत असते. "आजोबांच्या आजारात तू नेमके काय करत होतीस?" असे कोणी विचारले, तर सल्लागार खोलीबाहेर असणार.

त्या निवासी डॉक्टरांविषयी एक गोष्ट राहिली. प्रश्न संपल्यावर ते म्हणाले, "सर, मी काहीच केले नाही असे नाही," आणि त्यांनी पिशवीतून एक वही काढली. शाळेत वापरतात तशी, कोपरे मुडपलेली. तिच्यात ४३ बाळांच्या नोंदी होत्या, त्यांच्या हस्ताक्षरात. त्यांपैकी २९ बाळे पाचव्या दिवशी परत आली होती. पाच नमुन्यांपुढे 'हिमोलाइज्ड' असे लिहिले होते. वजने अडीच, अडीच, दोन-आठशे, तीन. मध्येच एका आईच्या शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक. दुसऱ्या वर्षी विभागात माणसे कमी पडली, नोंदी थांबल्या, आणि तिसऱ्या वर्षी १५०चा आकडा डोक्यावर बसला. तेव्हा कोणीतरी विक्रेत्याचा पत्ता दिला.

ती वही मी बराच वेळ चाळत होतो. विकतच्या प्रबंधाने असा निष्कर्ष काढला होता की नाळेतील बिलिरुबिन अमुक मर्यादेखाली असेल तर बाळाला निर्धास्त लवकर घरी सोडावे. असा निष्कर्ष कोणी खरा मानून वापरला, तर एखादे बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरीच पिवळे होत राहील. बिलिरुबिन मेंदूत शिरले की होणारी हानी परत भरून येत नाही. त्या कल्पित १५० बाळांत एकही असे नव्हते की जे मर्यादेखाली असूनही पुढे पिवळे झाले. वहीतल्या २९ बाळांत दोन होती.

५८ टक्के म्हणजे नियमांतील दुसरी पातळी. ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान साम्य असेल तर सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही. ६०च्या वर गेले असते तर नोंदणीच रद्द झाली असती. पदवी मिळाल्यानंतर हे उघडकीस आले असते तरी सुटका नव्हती, कारण अशा वेळी पदवी स्थगित ठेवण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. समितीने एक वर्षाचा दंड सुचविला. त्याबरोबर आम्ही असेही लिहिले की, वहीतील नोंदी मूळ केसपेपरशी ताडून पाहाव्यात आणि त्या खऱ्या ठरल्यास काम तेथूनच पुढे चालू करण्याची मुभा द्यावी. यावर समितीत बराच वाद झाला. फसवणूक करणाऱ्याला सवलत कशाला, असे एका सदस्यांचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे होते असे मला आजही म्हणवत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधातील त्या उसन्या पानांची आठवण मला त्या वेळी होत होती, हेही लपवत नाही.

पुढे दीड वर्षाने त्यांचा नवा प्रबंध तयार झाल्याचे विभागप्रमुखांकडून कळले. १४८ बाळे घेतली होती. परत आली १०३. नाळेतील बिलिरुबिनवरून पुढील कावीळ पुरेशा खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि न आलेल्या ४५ बाळांची कारणे एका स्वतंत्र तक्त्यात दिलेली होती.